ज्ञानेश्वरातला हरवलेला ‘A’

“माझ्या खात्याच्या नावात चूक झालेली आहे, तरी ती दुरुस्त करून द्यावी ही नम्र विनंती.”

बँकेच्या शाखेत वर्षानुवर्षं बसल्यावर हे वाक्य मला तोंडपाठ झालं होतं. अक्षर सुवाच्य, भाषा नम्र, खाली झोकदार सही. आणि या पत्रावर अधिकारी करू काहीच शकत नाही. कारण चूक कुठली ते यात नाही, बरोबर काय ते नाही, आणि बरोबर ते कशावरून हेही नाही. मग अर्जदाराला समोर बसवून एकेक गोष्ट विचारायची, तो म्हणणार “साहेब, पासबुकात बघा ना”, पासबुक घरी राहिलेलं, आणि पत्र टेबलावरच्या ट्रेमध्ये जाऊन पडणार. नाव दुरुस्तीची बहुतेक कामं रखडतात ती अशी, पहिल्याच कागदावर.

मुळात आपल्या नावांची रोमन लिपीत फार ओढाताण होते. मराठीत ‘ज्ञानेश्वर’ एकाच पद्धतीनं लिहितात. इंग्रजीत मात्र DNYANESHWAR, DNYNESHWAR, DYANESHWAR, GYANESHWAR असे चार तरी ज्ञानेश्वर मी एकाच शाखेत पाहिले आहेत. लक्ष्मणाला कुणी KSH लावतं, कुणी X. चव्हाणांत CHAVAN आणि CHAVHAN, सूर्यवंशींत V आणि W, गायकवाडांत मधला A असलेले आणि नसलेले. विदर्भातले जाधव कधी JADHAO होतात. उच्चार तोच, माणूस तोच, पण संगणक उच्चार ऐकत नाही. तो अक्षरं मोजतो.

ही अक्षरं चुकली कुठे? बरीचशी चुकली ती खातेवह्यांतून संगणकात येताना. जुन्या वह्यांत नाव हातानं लिहिलेलं असे, सहकारी बँकांत तर कित्येकदा देवनागरीतच. ते पाहून घाईघाईनं इंग्रजीत टंकताना ज्याला जसं सुचलं तसं त्यानं लिहिलं. दुसरी मोठी लाट जनधन खात्यांची. २८ ऑगस्ट २०१४ ला योजना सुरू झाली त्या एका दिवसात देशभर दीड कोटी खाती उघडल्याचं सरकारनं सांगितलं होतं. मंडप टाकून, रांगा लावून भरलेल्या त्या अर्जांत एखादा A राहिला तर नवल नाही.

तो A बरीच वर्षं कुणाला टोचत नाही. पैसे भरता येतात, काढता येतात. एनईएफटीनं आलेली रक्कम आजही खाते क्रमांक पाहूनच जमा होते, नावावरून नाही. टोचतो तो दुसऱ्या कुणाच्या नोंदीशी आपली नोंद जुळवायची वेळ येते तेव्हा. प्राप्तिकराचा परतावा हवा असेल तर खातं आधी विभागाच्या पोर्टलवर पडताळून घ्यावं लागतं आणि तिथे पॅनवरचं नाव व खात्यावरचं नाव यांची गाठ पडते. भविष्य निर्वाह निधीचंही तसंच. नाव न जुळल्यामुळे पॅन खात्याला जोडलाच गेला नसेल, तर मुदत ठेवीच्या व्याजावर कर कापायची वेळ आल्यावर तो १० ऐवजी २० टक्क्यांनी कापला जातो. एका अक्षराचा हा भाव बराच महाग आहे. आणि चेक तर जुन्या काळापासूनच नावाला चिकटून असतात: विम्याच्या रकमेचा चेक खऱ्या नावानं येतो, खातं चुकीच्या नावाचं, आणि वटणावळीत तो ‘नावात तफावत’ म्हणून अडकतो.

नाव दुरुस्तीच्या बाबतीत बँक इतकी ताठर का असते, हा प्रश्न खातेदार रागानं विचारतात. उत्तर याच चेकमध्ये आहे. समजा, एखाद्याच्या हाती दुसऱ्याच्या नावाचा चेक पडला आणि ते नाव त्याच्या नावाच्या जवळपास जाणारं आहे. खात्याचं नाव एका साध्या पत्रावर बदलून मिळत असेल तर त्याचं काम झालं. म्हणून पत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोक्यात ‘हे स्पेलिंग बरोबर आहे का’ हा प्रश्न दुसरा असतो. पहिला असतो, ‘समोरचा माणूस तोच आहे का’. पत्रानं दोन्हींना उत्तर द्यायला हवं.

त्यासाठी पेन हातात घेण्याआधी एक गोष्ट स्वतःशी ठरवावी लागते: ही चूक कुणाची आहे? बँकेनं टंकताना केलेली चूक वेगळी आणि आपल्याच एखाद्या कागदावरची चूक पुढे बँकेत उतरली असेल तर ती वेगळी. तिसरा प्रकार म्हणजे लग्नानंतर किंवा अन्य कारणानं नाव खरोखरच बदललेलं असणं. त्याला दुरुस्ती म्हणतच नाहीत, तो नावबदल. त्यासाठी सरकारी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली प्रसिद्धी लागते. स्पेलिंगसाठी राजपत्राची गरज नसते. पण पत्राच्या विषयात ‘नाव बदलण्याबाबत’ असं लिहिलं की समोरचा कारकून विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र मागणारच, आणि त्यात त्याचा दोष नाही. मी स्वतः अशी पत्रं परत पाठवलेली आहेत. ‘बदल’ आणि ‘दुरुस्ती’ या दोन शब्दांत दोन-चार हेलपाट्यांचं अंतर आहे.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. नाव काल्पनिक आहे, अडचण अगदी रोजची. खातेदार ज्ञानेश्वर विठ्ठल जाधव. पासबुकावर छापलंय DNYNESHWAR VITHAL JADHAV. पहिल्या नावात Y नंतरचा A गायब, वडिलांच्या नावात एक T कमी. आधार कार्डावर आहे DNYANESHWAR VITTHAL JADHAV. इथवर सोपं वाटतं. पण पॅन कार्ड काढलं तर त्यावर DNYANESHWAR VITHAL JADHAV, म्हणजे A आहे पण T एकच.

इथे घाई करणारा माणूस आधार जोडून बँकेत पत्र देतो आणि बँकेतलं नाव आधारसारखं करून घेतो. मग परताव्याच्या वेळी पॅनवरचा एक T आणि बँकेतले दोन T समोरासमोर येतात, आणि अडचण होती तिथेच राहते. वर आणखी एक पत्र, आणखी एक नवं पासबुक. वर्षभरात दोनदा नाव दुरुस्त करायला आलेल्या माणसाकडे शाखा जरा निरखूनच बघते.

म्हणून क्रम असा धरावा की बँक सगळ्यात शेवटी. आधी आपले कागद आपसांत जुळवायचे. कुठला कागद बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे ते पाहायचं आणि तो एकटाच दुरुस्त करायचा. शाळा सोडल्याचा मराठी दाखला इथे कामाचा नाही, कारण त्यात रोमन स्पेलिंगच नसतं. दहावीचं प्रमाणपत्र किंवा पासपोर्ट असेल तर तो पाहावा. आपल्या जाधवांच्या पासपोर्टवर दोन T आहेत असं धरू. म्हणजे वेगळा पडला तो पॅन. आधार आणि पासपोर्टच्या आधारावर पॅनमधली नोंद दुरुस्त करून घ्यायची. आधारलाच हात लावण्याआधी मात्र दोनदा विचार करावा, कारण आधारमधलं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. एक संधी एका T वर घालवायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

पॅन दुरुस्त होऊन आला, सगळे कागद एका सुरात बोलू लागले, की पत्र लिहायला बसायचं. पत्र मराठीत चालतं. बचत खात्याच्या रोजच्या वापरातली छापील कागदपत्रं इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषा अशा तीन भाषांत ठेवावीत अशी रिझर्व्ह बँकेची सूचनाच आहे. फक्त ज्या अक्षरांबद्दल भांडण आहे ती अक्षरं रोमनमध्ये, मोठ्या लिपीत, सुटी सुटी लिहावीत. “ज्ञानेश्वर असं नाव हवं” असं देवनागरीत लिहून पुन्हा त्याचं स्पेलिंग कारकुनावर सोपवलं, तर दहा वर्षांपूर्वी झालं तेच पुन्हा होईल.

पत्र असं:

दिनांक : ………

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
……… बँक, ……… शाखा

विषय : बचत खाते क्र. ……… मधील खातेदाराच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दुरुस्ती करण्याबाबत

महोदय,

मी आपल्या शाखेचा खातेदार असून माझा बचत खाते क्रमांक ……… व ग्राहक क्रमांक ……… आहे. आपल्या नोंदीत माझे नाव असे आहे :

DNYNESHWAR VITHAL JADHAV

ते असे असावयास हवे :

DNYANESHWAR VITTHAL JADHAV

पहिल्या नावात Y नंतरचे A हे अक्षर राहिले आहे. वडिलांच्या नावात T दोनदा हवा, तो एकदाच आहे. आडनाव बरोबर आहे. माझ्या आधार, पॅन व पासपोर्टवर वरीलप्रमाणे बरोबर नाव आहे. खाते उघडताना भरलेल्या अर्जातही मी नाव याचप्रमाणे लिहिले होते. कृपया आपल्याकडील मूळ अर्ज पडताळून पाहावा.

ही केवळ स्पेलिंगची दुरुस्ती आहे. मी नाव बदललेले नाही. माझी सही, जन्मतारीख, पत्ता व मोबाइल क्रमांक यांत काहीही बदल नाही.

तरी माझ्या ग्राहक क्रमांकाच्या मूळ नोंदीत दुरुस्ती करावी, जेणेकरून त्याखालील मुदत ठेव क्र. ……… वरही नाव दुरुस्त होईल. तसेच दुरुस्त नावाचे पासबुक व चेकबुक मिळावे, ही विनंती.

सोबत : आधार, पॅन व पासपोर्ट यांच्या स्वसाक्षांकित प्रती, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत.

आपला विश्वासू,
(सही)
नाव व मोबाइल क्रमांक

एवढंच. एका पानात मावतं, आणि मावायलाच हवं. आता यातली काही वाक्यं मी मुद्दाम का घातली ते सांगतो, कारण नेमकी तीच लोक गाळतात.

मूळ अर्ज पडताळून पाहण्याची विनंती हे पत्रातलं सगळ्यात वजनदार वाक्य आहे. खातेदाराच्या ओळखीचे कागद खातं बंद झाल्यानंतरही किमान पाच वर्षं जपून ठेवणं कायद्यानं बँकेला बंधनकारक आहे. म्हणजे खातं चालू असेल तर तो अर्ज कुठेतरी असायलाच हवा, शाखेच्या कपाटात किंवा दूरच्या गोदामात. त्यावर तुमच्या हातानं नाव बरोबर लिहिलेलं निघालं, की चूक बँकेची ठरते. मग प्रतिज्ञापत्र मागायला काही आधार उरत नाही. काही शाखांना सवयच असते, काहीही दुरुस्त करायचं म्हटलं की “नोटरीचं अॅफिडेव्हिट आणा”. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून प्रतिज्ञापत्राचा मुद्रांक १०० वरून ५०० रुपयांवर गेला आहे, वर नोटरीचे वेगळे. बँकेच्या कारकुनानं गाळलेल्या A साठी हा खर्च खातेदारानं का सोसावा? शांतपणे, पत्रातल्या त्या वाक्यावर बोट ठेवून म्हणावं, “आधी अर्ज बघू या का?” पण अर्ज भरताना नाव खरोखर कसं लिहिलं होतं ते आठवत नसेल, तर हे वाक्य पत्रातून काढून टाकावं. मूळ अर्जावर आपल्याच हातचं DNYNESHWAR निघालं तर उरलेल्या पत्रावरचाही विश्वास उडतो. चूक आपली असेल तर तसं सरळ लिहावं. त्यानं काम अडत नाही, फार तर एखादा कागद जास्त लागतो.

दुसरं वाक्य ग्राहक क्रमांकाचं. याला बँकेत सीआयएफ म्हणतात. संगणकाच्या लेखी माणूस एकदाच असतो, या क्रमांकाखाली, आणि त्याची बचत, ठेव, कर्ज ही खाती त्याला लटकलेली असतात. नाव माणसाच्या नोंदीत दुरुस्त व्हायला हवं. कुणी फक्त खात्याच्या पातळीवर नाव बदललं, तर पासबुक बरोबर छापून येतं आणि पुढच्या महिन्यात काढलेली मुदत ठेव पुन्हा जुन्या चुकीच्या नावानं निघते. याहून वाईट म्हणजे एकाच माणसाचे दोन ग्राहक क्रमांक असणं. वेगवेगळ्या वेळी खाती उघडली की असं होतं. मग एकात दुरुस्ती होते, दुसऱ्यात चूक शाबूत राहते. पत्र देतानाच “माझे किती सीआयएफ आहेत?” असं विचारून घ्यावं. दोन निघाले तर ते एकत्र करण्याची विनंती त्याच पत्रात खाली एका ओळीत लिहून द्यावी.

सही, पत्ता, मोबाइल बदललेला नाही हे लिहायचं ते मघाच्या संशयासाठी. नाव आणि मोबाइल एकाच दिवशी बदलायला आलेला माणूस कुठल्याही अधिकाऱ्याला खटकतो, खटकायलाच हवा. मोबाइलही बदलायचा असेल तर तो अर्ज वेगळा, जमल्यास वेगळ्या दिवशी. आणि सही करायची ती बँकेत नोंदवलेल्या नमुना सहीसारखीच. इथे एक गमतीदार घोटाळा होतो. स्पेलिंग दुरुस्त करायला आलेला खातेदार उत्साहाच्या भरात नवी, सुधारलेल्या स्पेलिंगची इंग्रजी सही ठोकतो. नमुना सही असते मराठीत, ‘ज्ञा. वि. जाधव’. सही जुळत नाही, पत्र बाजूला. सही मराठीत असली तरी काही बिघडत नाही, स्पेलिंगच्या दुरुस्तीनं ती बदलावीही लागत नाही. जे अंगठा उठवतात त्यांनी मात्र स्वतः शाखेत जावं, पत्र कुणाच्या हाती देऊ नये.

जोडलेल्या प्रतींवर स्वतःची सही आणि तारीख हवी, आणि तिरप्या रेघेत ‘फक्त बँक खात्यातील नाव दुरुस्तीसाठी’ असं लिहावं. आधारची प्रत देताना पहिले आठ अंक झाकलेली छापील प्रत चालते का ते विचारावं. मूळ कागद सोबत ठेवावेत, पण दाखवून लगेच परत घ्यावेत. नाव दुरुस्ती शक्यतो मूळ शाखेतच करावी, दुसऱ्या शाखेत पत्र घेतलं तरी ते फिरत फिरत मूळ शाखेकडेच येतं. अनेक बँकांचा छापील ‘ग्राहक माहिती बदल अर्ज’ असतो. तो भरून द्यायचा आणि पत्र त्याला जोडायचं. छापील अर्जातल्या चौकटींत ‘Y नंतरचा A’ सांगायला जागा नसते.

पत्राच्या दोन प्रती न्याव्यात. दुसरीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही, म्हणजेच पोच. पोच मागायला माणसं संकोचतात, जणू अविश्वास दाखवतोय. बँकेतल्या माणसाला त्यात काही वाटत नाही, तो दिवसभर शिक्केच मारत असतो.

आत काय होतं तेही थोडक्यात सांगतो. एक कर्मचारी नवं नाव टंकतो, दुसरा अधिकारी स्वतःच्या लॉगिननं कागद पाहून ते मंजूर करतो. दोघांनी हात लावल्याशिवाय बदल होत नाही. कधी पहिल्यानं टंकलेलं असतं आणि दुसरा रजेवर असतो, म्हणून ‘झालंय, पण दिसत नाही’ असं उत्तर मिळतं. हे उत्तर खोटं नसतं.

झालं की नाही हे कसं ओळखायचं? पासबुकाच्या पहिल्या पानावर विसंबू नये, ते कधी कधी हातानं खोडून दुरुस्त करून देतात. तसं पासबुक घेऊच नये. शाखेतून निघण्यापूर्वी पडद्यावरचं नाव अक्षर अक्षर वाचावं, कारण दुरुस्तीतही नवी चूक होऊ शकते. मी एकदा A घालायला सांगितलेल्या नावात A दोनदा घातलेला पाहिला आहे. मग घरी आल्यावर दुसऱ्या कुणाला आपल्याला यूपीआयनं रुपया पाठवायला सांगावं. पैसे पाठवण्याआधी त्याला जे नाव दिसतं ते बँकेच्या नोंदीतलं असतं. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करतानाही पैसे घेणाऱ्याचं नाव पाहण्याची सोय बँकांना द्यावी लागते, तीही हीच चाचणी. यूपीआयवर जुनंच नाव दिसत असेल तर खातं ॲपमधून काढून पुन्हा जोडून पाहावं. तरीही जुनंच दिसलं, तर शाखेत परत जावं.

बँकेतली दुरुस्ती झाली की परतावा अडलेला असेल त्यांनी पोर्टलवर खातं पुन्हा पडताळायला टाकावं, ते आपोआप होत नाही. वारसाचं नाव चुकलं असेल तर मात्र या पत्रानं काही साधत नाही. त्यासाठी वारस नोंदणीचा वेगळा अर्ज आहे.

पत्र देऊन ३० दिवस झाले आणि बँकेनं दाद दिली नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रार cms.rbi.org.in वर करायची, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक. त्याआधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते आणि इथे ती शिक्क्याची पोच कामाला येते. पतसंस्थेतलं खातं असेल तर हा रस्ता नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, तिथे सहकार खात्याच्या निबंधकाकडे जावं लागतं.

दुरुस्त पासबुक हाती आल्यावर जुनं फाडून टाकू नये. जुन्या चेकबुकातले उरलेले चेक बँकेत परत करावेत, पण जुनं पासबुक, पत्राची पोच आणि नवं पासबुक एकाच पिशवीत ठेवावं. कुणीतरी वर्षभरापूर्वीची यादी पाहून DNYNESHWAR च्या नावानं चेक काढणार, तो तुमच्या हाती येणार, आणि त्या दिवशी खिडकीवर तुम्हाला सिद्ध करावं लागणार की तो बिनA चा ज्ञानेश्वरही तुम्हीच होतात.